मंदीतला खरा तळ की नुसता विसावा?

प्रश्न: मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातला. कापूस विकून आलेल्या पैशातले एक लाख शेअरसाठी बाजूला ठेवले आहेत. बाजार पडत असताना एखाद्या दिवशी व्हॉल्यूम एकदम वाढतो, भाव उसळतो, मी घेतो अन् चार दिवसांत भाव पुन्हा खाली. तळ आहे की नुसता विसावा, हे ओळखायचं कसं? जूनमध्ये पेरणीला पैसे लागतात.

उत्तर:

भाऊ, उसळीच्या दिवशीच घेता, तिथेच घोळ होतो. प्रचंड व्हॉल्यूमचा दिवस एवढंच सांगतो की घाबरलेल्यांनी माल सोडला. सगळ्यांनी सोडला का, हे त्या दिवशी कळत नाही. ते भाव पुन्हा त्याच पातळीजवळ येतो तेव्हा कळतं.

भाव घसरला की उधारीवर शेअर घेतलेल्यांचं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेली अनामत, कमी पडतं. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर त्यांचे शेअर मिळेल त्या भावात विकतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढच्या माणसाचं मार्जिन संपतं. महिनोन्‌महिने तोटा धरून बसलेलेही याच वेळी कंटाळून विकतात. म्हणून व्हॉल्यूम सरासरीच्या तीन-चार पट होतो. चांगल्या भावाची वाट पाहणारा विक्रेता असा तुटून विकत नाही, सक्तीने विकणारा विकतो. अन् सक्तीची विक्री कधीतरी संपते.

13 मार्च 2020 घ्या. सकाळीच निफ्टी, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, 10 टक्के पडला, लोअर सर्किट म्हणजे घसरणीची मर्यादा लागून व्यवहार 45 मिनिटं थांबले. नीचांक 8555 च्या आसपास होता, बंद झाला 9955 ला. एका दिवसात 1400 अंकांची उसळी! पुस्तकातला तळ वाटावा असा दिवस. पण पुढच्याच सत्रात, 16 मार्चला, निफ्टी 757 अंकांनी खाली आला, म्हणजे उसळीतला निम्म्याहून जास्त भाग एका दिवसात गेला. 18 मार्चला तर तो 8555 च्या खाली बंद झाला.

आता 24 मार्च पाहा. आदल्या दिवशी निफ्टी 13 टक्के पडून 7610 वर, दिवसाच्या तळाजवळच बंद झाला होता. 24 ला 7511 चा नीचांक झाला आणि बंद 7801. दिसायला 13 तारखेपेक्षा कितीतरी फिका दिवस. पण 25 ला 516 अंक वर, 26 ला आणखी 324 वर. मग पुन्हा घसरण आली आणि 3 एप्रिलला निफ्टी 8083 ला बंद झाला, 7511 च्या बराच वर. 7 एप्रिलला एका दिवसात साडेआठ टक्क्यांहून जास्त वाढला.

उसळी किती मोठी होती याला माझ्या लेखी फार किंमत नाही. ती पुढच्या दोन-तीन सत्रांत टिकली का, आणि नंतरची घसरण जुन्या नीचांकाच्या वर थांबली का, हे बघा. पहिल्याच सत्रात उसळीचा निम्मा भाग गेला तर तो विसावा समजून बाजूला राहा.

व्हॉल्यूम कसा वाचायचा ते एका काल्पनिक शेअरवर दाखवतो. भाव 240 वरून 150 ला आलाय, 20 दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम 8 लाख. एक दिवस भाव 138 ला उघडतो, 126 पर्यंत जातो, 142 चा उच्चांक करतो आणि 139 ला बंद होतो. व्हॉल्यूम 41 लाख, म्हणजे पाच पट, आणि बंद भाव दिवसाच्या पट्ट्यात वरच्या पाचव्या हिश्श्याजवळ. एवढ्या विक्रीलाही कोणीतरी वरच्या भावात घेणारा होता. तोच 41 लाखांचा व्हॉल्यूम होऊन भाव 127 ला बंद झाला असता, तर विक्रेत्यांचा जोर अजून संपलेला नाही असं मी म्हटलं असतं.

इथेही घ्यायचं नाही. भाव 158 पर्यंत जातो, मग हळूहळू 129 ला परत येतो आणि त्या दिवशी व्हॉल्यूम फक्त 5-6 लाख असतो. तुमच्या बाजार समितीत भाव कोसळायच्या भीतीने एका आठवड्यात सगळ्यांनी कापूस आणला, नंतर तोच भाव पुन्हा आला तरी गाड्याच आल्या नाहीत, तर ज्यांना विकायचं होतं त्यांचं विकून झालं, एवढाच त्याचा अर्थ. मला ही कमी व्हॉल्यूमची दुसरी फेरी 41 लाखांच्या दिवसापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

त्यानंतर एखादा दिवस 14 लाखांच्या व्हॉल्यूमने वर बंद झाला, समजा 136 ला, तर तिथे घ्या. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकून बाहेर पडायचा भाव, नीचांकाच्या थोडा खाली, 124 ला. एका शेअरमागे 12 रुपयांची जोखीम झाली. एक लाखावर एका सौद्यात 1000 रुपयांहून जास्त घालवायचे नाहीत असं धरलं तर 83 शेअर, म्हणजे साधारण 11,300 रुपये. पूर्ण लाख एकदम लावू नका. 124 तुटला तर सक्तीची विक्री संपली हा अंदाज चुकला, मग थांबायचं कारण उरत नाही.

नुसत्या विसाव्यात हा सगळा क्रम दिसत नाही. घसरण थांबते ती भीतीची मोठी विक्री न होताच. भाव 150 ते 156 मध्ये फिरतो, वर चढताना व्हॉल्यूम 4 लाख, खाली येताना 9 लाख. घेणारे नाहीत, विकणारे फक्त दम घेताहेत. असा पट्टा बहुतेकदा खालच्या बाजूला तुटतो.

दोन ठिकाणी व्हॉल्यूम फसवतो. वायद्यांची मुदत संपते त्या मासिक एक्सपायरीला किंवा निर्देशांकात कंपन्यांची अदलाबदल होते त्या दिवशी व्हॉल्यूम फुगतो, त्यात भीती नसते. दोन बड्या गुंतवणूकदारांत एकगठ्ठा शेअरचा सौदा होतो त्या ब्लॉक डीलनेही तसंच होतं. म्हणून तारीख आधी तपासा, आणि एनएसईच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे त्याच दिवशी परत न विकता खात्यात घेतलेल्या शेअरचं प्रमाण, हेही पाहा. दुसरा फसवा प्रकार छोट्या शेअरचा. रोज 5 टक्क्यांच्या लोअर सर्किटमध्ये अडकलेल्या शेअरचा व्हॉल्यूम नगण्य दिसतो. विक्रेते संपले म्हणून नाही, घेणाराच नाही म्हणून. विक्रीच्या बाजूला लाखो शेअर रांगेत असतात. सर्किट सुटलं की ते एकदम बाहेर पडतात आणि लोक त्यालाच तळ समजतात. अशा शेअरला हा हिशेब लावू नका. कंपनीतच मोठी गडबड असेल तर व्हॉल्यूम कितीही वाढो, भाव आणखी खाली जाऊ शकतो. निफ्टीत 50 कंपन्या असतात, म्हणून सुरुवात निफ्टीबीजसारख्या, निफ्टीच्याच कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडापासून करणं बरं.

पेरणीच्या पैशाचं स्पष्ट सांगतो. निफ्टीचा 2008 च्या मंदीतला नीचांक 27 ऑक्टोबरला 2252 च्या आसपास झाला. त्यानंतरही मार्च 2009 मध्ये निफ्टी पुन्हा 2550 च्या आसपास आला होता. नीचांक तुटला नाही, पण त्यात चार महिन्यांहून जास्त गेले. दुसरी फेरी आठवड्यात येते की हंगाम उलटल्यावर, हे आधी ठरवता येत नाही. जूनचं बियाणं, खत आणि मजुरीचे पैसे या लाखातच असतील तर तेवढे आधी काढून ठेवा, आणि राहिलेल्या रकमेवर ही 1 टक्क्याची जोखीम नव्याने मोजा.