लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा: कुणाला काय?

प्रश्न: रक्त चढवायचं तर सरळ रक्तच का देत नाहीत? कुणाला लाल पेशी, कुणाला प्लेटलेट, कुणाला प्लाझ्मा असं का?

उत्तर: कारण प्रत्येकात कमी पडलेली गोष्ट वेगळी असते. समजा, एका वृद्ध माणसाच्या आतड्यातून महिनोन्‌महिने थोडंथोडं रक्त जाऊन हिमोग्लोबिन 6 वर आलंय. त्यांना ऑक्सिजन वाहणाऱ्या लाल पेशी हव्यात. प्लाझ्माही दिला, तर नुसता द्रव वाढेल आणि थकलेल्या हृदयामुळे फुप्फुसात पाणी साचून धाप लागेल. म्हणून लाल पेशींची एकच पिशवी सावकाश देतात (हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमने वाढतं) आणि पुन्हा तपासतात.

प्लेटलेटचा हिशेब निराळा. केमोथेरपीमुळे अस्थिमज्जेत त्या तयारच होत नसतील, तर 10,000 च्या खाली गेल्यावर रक्तस्राव नसतानाही देतात. डेंग्यूत मात्र 30,000 असून रक्तस्राव नसेल, तर सहसा देत नाहीत. नातेवाईक तो आकडा पाहून उगाच धावपळ करतात.

प्लाझ्मात रक्त गोठवणारे घटक असतात. यकृत निकामी होऊन हे घटक घटले आणि रक्त थांबेना, तेव्हा तो कामी येतो. केवळ अशक्तपणासाठी नाही.

मोठ्या अपघातात भराभर रक्त वाहून जातं, तिथे तिन्ही एकदमच द्यावे लागतात.