नुकतंच डी.एल.एड. झालंय, नोकरीचा अनुभव नाही. खासगी शाळेत प्राथमिक शिक्षिकेच्या जागेसाठी कव्हर लेटरमध्ये काय लिहू?

इंटर्नशिपमध्ये घेतलेला एकच पाठ चार-पाच वाक्यांत लिहा, तोच तुमचा अनुभव. आमच्या शाळेत आलेले अर्ज मी वाचते. ‘मला मुलांची आवड आहे’ हे जवळपास प्रत्येकीचं असतं, त्यावर नजर थांबत नाही. थांबते ती अशा मजकुरावर: ‘तिसरीत ५२ − २७ चं उत्तर काही मुलं ३५ लिहीत होती. एककात २ मधून ७ जात नाहीत म्हणून ती उलट ७ मधून २ वजा करत होती. मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले, एक गठ्ठा सोडायला लावला, मग उत्तर २५ आलं.’ यातून मुलाची चूक तुम्हाला ओळखता येते हे कळतं. सुरुवातीच्या ओळीतच पद, डी.एल.एड. आणि टीईटी पेपर १ चा निकाल सांगा. पत्र एका पानातच संपवा. तेच पत्र दहा शाळांना पाठवताना आधीच्या शाळेचं नाव तसंच राहतं, तेवढं बघा.

मात्र फक्त बी.एड. असलेल्यांचं अडतं: ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी ती पात्रता चालत नाही. त्यांनी सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी अर्ज करावा.