लांबच्या फोटोतला करडा ठिपका: गेंडा, पाणघोडा की रानम्हैस?

प्रश्न: टांझानियातल्या गोरोंगोरोला ४०० मिमी लेन्सने काढलेल्या फोटोंत दूरवर करडी जनावरं दिसतायत. अंगावर घड्या नाहीत, म्हणजे पाणघोडेच असणार ना?

घड्या नाहीत एवढ्यावरून गेंडा बाद करू नका. चिलखतासारख्या ढाली आणि त्यांच्यामधल्या खोल घड्या काझीरंगाच्या एकशिंगी गेंड्याला असतात. आपल्या डोक्यात तेच चित्र बसलेलं असतं. गोरोंगोरोत दिसतो तो बहुतेक आफ्रिकेचा काळा गेंडा. त्याची कातडी लांबून सपाटच दिसते; मानेपाशी आणि पुढच्या पायाच्या वर थोड्या वळ्या असतात, तेवढंच. उलट पाणघोड्याने मान वळवली की गळ्याखाली जाड, मऊ वळ्या पडतात. म्हणून तिथे घड्या शेवटी बघा.

आधी शिंग कुठून निघतं ते बघा. गेंड्याची दोन्ही शिंगं नाकावर, एकामागे एक. रानम्हशीची डोक्यावरून निघून दोन्ही बाजूंना खाली झुकतात आणि टोकाला वर वळतात. तिने मान खाली घातली की बाजूने एकच वळलेलं टोक दिसतं आणि तिथेच गेंड्याचा भास होतो. अशा वेळी कान शोधा. म्हशीचे कान मोठे, शिंगाखाली आडवे लोंबणारे असतात. गेंड्याचे नळीसारखे, डोक्याच्या मागच्या भागावर उभे. पाणघोड्याचे इवलेसे गोल, अगदी माथ्यावर, शिंग नाहीच.

आता तुमच्या फोटोत हे कितपत दिसेल? फुल-फ्रेम, २४ मेगापिक्सेल कॅमेरा धरू. एक किलोमीटरवरचा सव्वातीन मीटर लांबीचा गेंडा साधारण २१५ पिक्सेल भरतो. अर्ध्या मीटरचं शिंग ३३, आणि पाव मीटरचा कान १७ पिक्सेल. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर कान दिसायला हवेत. दुपारी मात्र तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि आधी कानच विरघळतात. म्हणून एकाच जनावराच्या सलग फ्रेम शेजारी ठेवा. हवेने झालेला आकार फ्रेमगणिक बदलतो, गवताची काडी डोकं हलल्यावर मागेच राहते, बसलेला पक्षी सरकतो. शिंग डोक्याबरोबर फिरतं. शार्पनिंग वाढवू नका, त्याने कडेला खोटी टोकं उमटतात.

डोकं गवतात बुडालं असेल तर पोटाखालचा उजेड बघा. गेंड्याच्या पोटाखाली मोकळी फट दिसते आणि पाठ मधे खोलगट असते. पाणघोडा पिंपासारखा, पाय आखूड, पोट जवळपास गवताला टेकलेलं. गवत उंच असेल तर ही खूण चालत नाही, कारण तिघांचेही पाय झाकले जातात. रंगाकडे तर बघूच नका. लोळून आल्यावर तिघंही त्याच चिखलाच्या रंगाची होतात.

पाठमोरं जनावर असेल तर शेपूट: म्हशीची लांब, टोकाला गोंडा, पाणघोड्याची आखूड आणि चपटी. ढुंगणच दिसतंय आणि शेपूटही स्पष्ट नाही, अशा फ्रेमवरून नाव देऊ नका.