मेथीच्या पाण्याची स्क्रिप्ट आणि इशाऱ्याची जागा

प्रश्न: मी यूट्यूबसाठी आरोग्य आणि गुंतवणुकीवर मराठी स्क्रिप्ट लिहितो. मध्येच "डॉक्टरांचा सल्ला घ्या" घातलं की ओघ तुटतो, नाही घातलं तर भीती वाटते. काय करावं?

"डॉक्टरांचा सल्ला घ्या" हे वाक्य कुठल्याही व्हिडिओत चालतं, म्हणून ते कुणीच ऐकत नाही आणि निवेदकाचा आवाजही तिथे पडतो. इशारा कोणासाठी आणि कशामुळे, हे सांगितलं की तोच विषयाचा भाग होतो.

मेथीचं पाणी घ्या. बहुतेक स्क्रिप्टमध्ये असं असतं: "रोज उपाशीपोटी मेथीचं पाणी प्या, शुगर झपाट्याने उतरते. अर्थात, डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या." यात दावा फुगलेला आहे आणि इशाऱ्यात धोका कोणता तेच नाही.

म्हणून आधी माहीत काय आहे ते बघायचं. मेथीच्या दाण्यात पाण्यात फुगणारे तंतू असतात. त्यामुळे जेवण सावकाश पचतं आणि जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. अभ्यासांत साखर काहीशी कमी झालेली दिसते, पण त्यातले बरेच थोड्या लोकांवर आणि थोड्या आठवड्यांपुरते झाले आहेत. शिवाय अनेकांत दाण्यांची पूड दिली होती. पूड खाण्यावरचा निष्कर्ष गाळलेल्या पाण्याच्या नावावर खपवणं ही नेहमी होणारी चूक. मग धोका कोणाला? इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला, आणि "आता मेथी आहे ना" म्हणून गोळी सोडणाऱ्याला.

हे हाताशी आलं की मी असं लिहीन:

"मेथीच्या दाण्यातले तंतू पाण्यात फुगतात, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात जरा सावकाश मिसळते. दाण्यांची पूड घेणाऱ्यांवर काही छोटे अभ्यास झालेत, त्यांत साखर थोडी कमी झालेली दिसली. आता तुम्ही इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर नीट ऐका. ही औषधं साखर आधीच खाली आणतात. त्यात मेथीची भर पडली तर ती ७० च्याही खाली जाऊ शकते. अचानक घाम फुटला, हात थरथरले, धडधड वाढली तर लगेच साखरेचं पाणी घ्या आणि शुगर तपासा. म्हणून सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना सांगा, आणि गोळी मनाने बंद करू नका. त्यांनी हो म्हटलं, की मग दाणे भिजवण्याचं बघू."

इशारा कृतीच्या आधी आहे, कारण किती दाणे, किती पाणी हे कळलं की बरेच लोक व्हिडिओ बंद करतात. आणि कृतीचा तुकडा कापून कुणीतरी तो व्हॉट्सॲपवर फिरवतोच. त्यामुळे तुम्ही स्वतः शॉर्ट काढणार असाल तर "इन्शुलिन घेत असाल तर" हे वाक्य त्याच शॉटमध्ये बोलून घ्या.

स्क्रिप्ट मोठ्याने वाचताना इशाऱ्याची वाक्यं गाळून बघा. पुढचं वाक्य काहीच न अडखळता चाललं, तर इशारा वरून चिकटवलेला होता. वरच्या उताऱ्यात "त्यांनी हो म्हटलं" हे अडखळतं, आणि ते तसंच हवं.

दुसऱ्या टोकाला "कदाचित काही लोकांना काही प्रमाणात फायदा होण्याची शक्यता असू शकते" असली वाक्यं येतात. कोणावर अभ्यास झाला, किती मोठा, हे एकदा स्पष्ट सांगा आणि बाकीची वाक्यं सरळ ठेवा.

"मधुमेह बरा होतो" हे मात्र कुठलाही इशारा जोडला तरी चालत नाही. औषधाच्या जाहिरातीत असा दावा करायला १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने बंदी आहे, कारण त्याच्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे.

गुंतवणुकीत इशाऱ्याची जागा परताव्याच्या आकड्यापाशी असते. "महिना ५,००० ची एसआयपी, २० वर्षांत ५० लाख" हा आकडा १२ टक्के गृहीत धरून येतो. त्याच श्वासात पुढे म्हणा: "आणि ८ टक्केच मिळाले तर साधारण ३० लाख. तुम्ही भरलेले १२ लाख. यातलं कुठलं हातात पडेल ते बाजार ठरवेल, आणि मधल्या एखाद्या वर्षी खात्यात भरल्यापेक्षा कमीही दिसेल." दोन आकड्यांतली दरी ऐकणाऱ्याला इशाऱ्यापेक्षा जास्त सांगते आणि व्हिडिओ कुठे थांबतही नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीसाठी सेबीने ठरवून दिलेलं बाजार-जोखमीचं वाक्य मात्र गोष्टीत मिसळू नका. प्रायोजित व्हिडिओत ते शब्दही न बदलता, ऐकू येईल अशा वेगात, वेगळं ठेवा.