एफडीच्या व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून बँकेला पत्र कसं लिहू?

*वडील ६८ वर्षांचे, पेन्शनर. २०२५-२६ मध्ये पेन्शन ४,२०,०००, व्याज १,६०,०००. कर शून्य, तरी बँक टीडीएस कापते. पत्रात काय लिहू?*

नुसत्या पत्राने कपात थांबत नाही, २०२५-२६ साठी सोबत फॉर्म १५एच, म्हणजे कर शून्य असल्याचं घोषणापत्र, हवंच. व्याज लाखावर गेलं की बँक १० टक्के कापते. मजकूर एवढा पुरे:

‘मा. शाखाधिकारी, माझं वय ६८. २०२५-२६ चं अंदाजे उत्पन्न ५,८०,००० असून त्यावर कर शून्य आहे. फॉर्म १५एच जोडला आहे. खालील सर्व ठेवींच्या व्याजावर टीडीएस कापू नये.’

खाली ग्राहक क्रमांक, पॅन आणि प्रत्येक ठेवीचा नंबर. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्याच, काउंटरवरचे फॉर्म हरवतात. आधी कापलेली रक्कम मात्र रिटर्न भरूनच परत मिळेल.