मर्ज केलेला कॉल आणि व्याजावर सोडलेलं पाणी

प्रश्न: बिल्डरचा माणूस, मी आणि माझे वकील असा एकत्र कॉल ठरवायचाय. कोणी काय बोलायचं आणि गोपनीयतेचं काय लिहून पाठवायचं?

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या एका वकिलांकडे मी बरीच वर्षं काम करतो. असे कॉल मीच लावतो, म्हणून लिहितोय.

घोडबंदर रोडवरच्या एका जोडप्याचं प्रकरण होतं. ताबा रखडलेला, भरलेले 32 लाख व्याजासकट परत हवे होते. मी म्हटलं, लिंक पाठवू या. साहेब म्हणाले, "कशाला? मर्ज कर ना." मी माझ्या फोनवरून बिल्डरचा माणूस आणि अशील, दोघांना जोडलं, फोन साहेबांच्या टेबलावर स्पीकरवर ठेवला आणि झेरॉक्स आणायला खाली गेलो. बिल्डरचा माणूस "बरं, विचारून कळवतो" म्हणाला आणि गप्प झाला. अशिलाला वाटलं, त्याने फोन ठेवला. ते साहेबांना म्हणाले, "व्याज सोडलं तरी चालेल, जूनमध्ये मुलीची फी भरायचीय."

मी वर आलो तेव्हा स्क्रीनवर दोन्ही नावं तशीच होती. लाइनवर कोण आहे ते फक्त कॉल जोडणाऱ्याच्या फोनवर दिसतं, आणि तो फोन कोणी बघतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफर आली: फक्त मुद्दल, तेही चार हप्त्यांत. साहेब आजही म्हणतात की मी खाली जायला नको होतं. मी म्हणतो, मर्जच करायला नको होतं.

गोपनीयतेची ओळ जरूर लिहा: "ही चर्चा तडजोडीसाठी असून कोणाच्याही हक्काला बाधा न येता आहे; यातलं काहीही पुरावा म्हणून वापरायचं नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही." कॉलच्या आधी ईमेलने पाठवा आणि "मान्य" असं उत्तर मागवा. दिवाणी प्रकरणात अशा अटीवर दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 21 प्रमाणे पुराव्यात घेत नाहीत. पण ही ओळ कोर्टापुरतीच आहे. समोरच्याने ऐकलेलं त्याच्या डोक्यातून निघत नाही, आणि भाव तो त्यावरच ठरवतो.

म्हणून वकिलांशी बोलणं आधी पंधरा मिनिटं, वेगळ्या कॉलवर उरका. किती खाली यायचं ते तिथेच ठरवा. एकत्र कॉलवर आकडे वकीलच बोलतील. तुम्ही फक्त तारखा आणि भरलेल्या रकमा सांगा. मध्येच विचारायचं असेल तर म्यूट करू नका, सरळ कॉल कापून वकिलांना नव्याने फोन लावा. विषय दोनच ठेवा, रक्कम आणि मुदत. त्या माणसाला तडजोडीचा अधिकार आहे का, हे कंपनीकडून लेखी मागवा. नाहीतर तो ऐकून जाईल आणि "वरून नाही म्हणाले" असं कळवेल.

आणि हो, बिल्डरने या प्रकरणात वकील दिला असेल तर तुमचे वकील त्याच्या माणसाशी परस्पर बोलू शकत नाहीत, बार कौन्सिलचा तसा नियम आहे. आधी ते विचारा. असेल, तर कॉल त्या वकिलांमार्फतच ठरवावा लागेल.