भिंतीवरून उसळणारा चेंडू: आलेखातून आवेग कसा काढावा

बल-काल आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे आवेग, हे तुम्ही पाठ केले असेलच. पण उदाहरण सोडवताना आधी दिशा ठरवावी, कारण बहुतेक उत्तरे तिथेच चुकतात. समजा, 0.06 किलोग्रॅमचा टेनिसचा चेंडू 20 मीटर प्रति सेकंद वेगाने भिंतीवर काटकोनात आदळून 15 च्या वेगाने परत फिरला. भिंतीपासून दूर जाणारी दिशा धन मानल्यास सुरुवातीचा वेग −20 होतो, म्हणून वेगातील बदल 5 नसून 35 आहे आणि आवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगातील बदल, 0.06 × 35 = 2.1 न्यूटन-सेकंद येतो.

आता आलेख पाहा. बल शून्यापासून चढून 840 न्यूटनवर पोहोचते, पुन्हा शून्यावर येते आणि हा त्रिकोण 5 मिलिसेकंदांत पूर्ण होतो. क्षेत्रफळ ½ × 0.005 × 840, म्हणजे तेच 2.1; मिलिसेकंदांचे सेकंद करायचे राहिले, तर उत्तर हजार पटीने फुगते. सरासरी बल 2.1 ÷ 0.005 = 420 न्यूटन, म्हणजे तितकाच वेळ टिकणारे आणि तितकेच क्षेत्रफळ देणारे स्थिर बल.

ते येथे कमाल बलाच्या निम्मे आहे, पण हा नियम समजू नये. खरा आलेख बहुधा गोलसर असतो. तो अर्ध्या साइन वक्रासारखा असेल, तर सरासरी बल कमाल बलाच्या सुमारे 0.64 पट भरते. म्हणून आकार वक्र दिसल्यास त्रिकोणाचे सूत्र न लावता आलेखाखालचे चौकोन मोजावेत.